बेचाळीस माणसं, सहा खोल्या

‘आता आपण छोट्या गटांत जाऊ या,’ असं ऑनलाइन कार्यशाळेत कुणीतरी म्हणतं, आणि नेमक्या त्याच क्षणी काही माणसं मीटिंग सोडून निघून जातात. उरलेली पडद्यावरचं गोल चक्र संपायची वाट बघत बसतात. चक्र थांबतं तेव्हा एका खोलीत नऊजण असतात आणि एकमेकांचं बोलणं तोडत असतात. दुसरीत दोघंच असतात, त्यातल्या एकाचा माइक बंद असतो. तिसरीत गप्पा छान चाललेल्या असतात, पण विषय ज्याला नको होता तोच नेमका तिथे बसलेला असतो. वीस मिनिटांनी सगळे परत मुख्य खोलीत येतात आणि आयोजक विचारतात, ‘कशी झाली चर्चा?’

झूमसारख्या सोयींमध्ये ब्रेकआउट रूम करायला एक बटण पुरतं. Assign automatically निवडलं की हजर माणसं खोल्यांमध्ये सारख्या संख्येने वाटली जातात. वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं. ओळखपाळख करून द्यायची असेल तर तेवढं पुरेसं आहे. पण लोकांनी नोंदणीच्या वेळी ‘मला अमुक विषयावर बोलायचं आहे’ असं लिहून दिलेलं असेल, तर ते उत्तर त्या बटणाला दिसत नाही. ते आयोजकाच्या तक्त्यात पडून राहतं. नोंदणीत विचारलेला प्रश्न वापरायचाच नसेल तर विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वापरायचा असेल तर त्यासाठी आदल्या संध्याकाळचा तासभर काढावा लागतो. तो तास कसा घालवायचा, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, शनिवारी सकाळी गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या बागेवर दोन तासांची मोफत कार्यशाळा आहे. ४२ जणांनी नावं नोंदवली आहेत. छोट्या गटांसाठी पाच विषय ठरले आहेत: कीड, कमी ऊन येणारी बाल्कनी, घरच्या घरी खत, कुंडीतली फळझाडं, आणि बियाणं व रोपं. गट सांभाळायला सहा मार्गदर्शक आहेत. दोघं किडीवर बोलू शकतात, बाकीचे चौघं आपापल्या एकेका विषयातले. म्हणजे खोल्या जास्तीत जास्त सहा. झूम याहून कितीतरी जास्त खोल्या उघडू देतं, पण मर्यादा झूमची नसते, मार्गदर्शकांची असते.

खोलीत किती माणसं असावीत, याचं गणित वेळेवर आहे. गटचर्चेला वीस मिनिटं दिली आणि आत-बाहेर करण्यात दोन गेली, तर अठरा उरतात. पाच सहभागी आणि एक मार्गदर्शक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. तेवढ्यात आपली अडचण सांगून एखादा उलट प्रश्नही विचारता येतो. आठ सहभागी असतील तर वाट्याला दोनच मिनिटं येतात, आणि प्रत्यक्षात तिघं बोलतात, पाचजण ऐकतात. त्यामुळे प्रत्यक्ष खोलीत चार ते सहा माणसं हवीत. पण मोफत कार्यशाळेला नोंदवलेले सगळे येत नाहीत, हे प्रत्येक आयोजकाला ठाऊक असतं. आपल्या आधीच्या कार्यक्रमात नोंदणी किती झाली आणि हजेरी किती होती, हा आकडा ज्याच्याकडे आहे त्याने तो वापरावा. इथे तिसरा हिस्सा गळेल असं धरू. मग कागदावर खोली सहा ते आठ जणांची करायची, म्हणजे शनिवारी ती चार ते सहावर येईल. सहापेक्षा कमी नाही, आठपेक्षा जास्त नाही, ही कागदावरची अट.

आता नोंदणीचा अर्ज. वाटप बिघडतं ते बहुतेकदा इथेच. गूगल फॉर्मवर ‘तुम्हाला कोणत्या विषयांत रस आहे?’ असं विचारून चौकोनांवर टिचक्या मारायला सांगणं सर्वांत सोपं वाटतं. पण त्या प्रकारच्या प्रश्नाची उत्तरं तक्त्यात एकाच घरात, स्वल्पविराम देऊन, आणि फॉर्ममध्ये पर्याय ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने येतात. माणसाने आधी कशावर टिचकी मारली ते कळत नाही. तिन्ही विषयांवर खूण करणाऱ्याला त्यातला कोणता खरोखर हवा आहे, याचा पत्ता लागत नाही. शिवाय उत्साही माणसं पाचही चौकोन भरतात.

म्हणून पहिली, दुसरी आणि तिसरी पसंती वेगवेगळी विचारावी. फॉर्ममध्ये यासाठी जाळीसारखा प्रश्नप्रकार आहे. ओळींत पसंतीचा क्रम आणि स्तंभांत विषय. एका स्तंभात एकच उत्तर घेण्याची मर्यादा चालू केली की तोच विषय दोनदा निवडता येत नाही. अडचण एवढीच, की फोनच्या अरुंद पडद्यावर ही जाळी बाजूला सरकवावी लागते आणि उजवीकडचे विषय काहींना दिसतच नाहीत. ‘बियाणं’ शेवटच्या स्तंभात असेल तर त्याला कमी मतं पडली ती नावडीमुळे की न दिसल्यामुळे, हे सांगता येत नाही. बहुतेक लोक फोनवरून अर्ज भरणार असतील तर उघडणाऱ्या यादीचे तीन वेगळे प्रश्न ठेवलेले बरे. कुणी तिन्ही ठिकाणी ‘कीड’ लिहील, पण ते तक्त्यात लगेच दिसतं आणि एक फोन करून निस्तरता येतं.

याखेरीज दोन प्रश्न पुरेत. एक, ‘पहिला विषय मिळाला नाही तर दुसरा चालेल का?’ दुसरा मोकळा: ‘तुमची नेमकी अडचण एका वाक्यात लिहा.’ हा दुसरा प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा कामाचा आहे. ‘टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात’ असं लिहून कुणी पहिली पसंती ‘कीड’ दिलेली असते. फुलं गळण्याचं कारण कीड असेलच असं नाही. ऊन अपुरं असलं, उकाडा फार झाला, तरी ती गळतात. पुढे त्याच माणसाने लिहिलेलं असतं, ‘बाल्कनीत दोनच तास ऊन येतं.’ या माणसाची जागा कमी उन्हाच्या खोलीत आहे, हे त्याला माहीत नाही, पण त्याचं वाक्य वाचणाऱ्याला कळतं. अशा ठिकाणी परस्पर बदल न करता त्याला एक निरोप टाकून विचारावं.

शुक्रवारी संध्याकाळी नोंदणी बंद झाली. पहिलं काम सफाईचं. एकाच माणसाने दोनदा अर्ज भरलेला असतो, ईमेलच्या पुढे-मागे रिकामी जागा राहिलेली असते, नवरा-बायकोने एकच ईमेल दिलेला असतो. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. ते दोघं एकाच फोनसमोर बसणार, म्हणजे खोलीच्या दृष्टीने ते एकच, पण बोलण्याच्या वेळेच्या दृष्टीने दोन. त्यांना वेगळ्या खोल्यांत टाकता येत नाही. त्यांची एक ओळ ठेवावी आणि मोजताना दोन धरावेत.

मग मोजणी. पसंतीचे तीन स्तंभ D, E आणि F मध्ये असतील तर पहिल्या पसंतीची मतं अशी मोजता येतात:

```
=COUNTIF(D:D,"कीड")
```

आपल्या ४२ जणांची पहिली पसंती अशी निघाली. कीड १७, कमी ऊन ११, खत ७, फळझाडं ५, बियाणं २. बहुतेक आयोजक इथेच थांबतात आणि दोन मतांचं ‘बियाणं’ रद्द करून टाकतात. थांबायचं नाही, E स्तंभही मोजायचा. दुसऱ्या पसंतीत बियाण्याला १३ मतं आहेत. पाच किडीवाल्यांची, सहा कमी उन्हावाल्यांची, एकेक खत आणि फळझाडंवाल्यांचं. म्हणजे हा नावडता विषय नाही. तो अनेकांना हवा आहे, फक्त त्यांना त्याहून घाईचं दुसरं काही आहे.

सहा खोल्यांतली एकेक प्रत्येक विषयाला गेली. सहावी कुणाला? कीड १७ जणांना हवी आहे आणि त्या विषयाचे मार्गदर्शक दोन आहेत, म्हणून तिला दोन खोल्या. विषय आणि खोली यांचं एकास एक नातं असलंच पाहिजे असं नाही. लोकप्रिय विषयातल्या जास्तीच्या माणसांना दुसरीकडे ढकलण्याआधी तोच विषय दोन खोल्यांत करता येतो का, हे पाहावं.

दुसरा पर्यायही तपासून पाहिला पाहिजे. बियाण्याची खोली बंद केली आणि तिच्या जागी कमी उन्हाची दुसरी खोली उघडली, तर काय होतं? कीड १६, कमी ऊन ११ आणि एक बाहेरून असे १२, खत ८, फळझाडं ६. पहिली पसंती मिळालेले ३९, हललेले फक्त तीन. बियाण्याची खोली ठेवली तर हा आकडा, पुढे दिसेल तसा, ३७ वर येतो. नुसता आकडा पाहिला तर बंद करणं बरं. पण बियाण्यातल्या मार्गदर्शक बाईंना कमी उन्हाच्या बाल्कनीवर वीस मिनिटं बोलायला बसवणं म्हणजे एका खोलीतल्या सहाजणांचा वेळ वाया घालवणं. मी खोली ठेवली असती.

ठेवली तर वाटप असं होतं. कमी उन्हाच्या ११ पैकी खोलीत मावतात आठ. तिघांना हलवावं लागेल, आणि त्यांच्यातल्या सहाजणांची दुसरी पसंती बियाणं आहे. त्या सहातले तिघं बियाण्यात गेले. किडीच्या १७ मधून एक, जिची दुसरी पसंती बियाणं आहे, तीही तिथे गेली. बियाणं झालं दोन अधिक चार, सहा. फळझाडांत पाचच आहेत, म्हणजे कागदावरच्या किमान संख्येला एक कमी. किडीवाल्यांपैकी चौघांनी दुसरी पसंती फळझाडांना दिली आहे, त्यांतला एक तिथे गेला. आता कीड आठ आणि सात, कमी ऊन आठ, खत सात, फळझाडं सहा, बियाणं सहा. बेरीज ४२. ३७ जणांना पहिली पसंती मिळाली, पाचजणांना दुसरी, आणि तिसरीपर्यंत कुणालाच जावं लागलं नाही.

या पाचांत कोण? सहातले तिघं निवडायचे म्हणजे नेमके कोणते? सर्वांत सोयीचा नियम ‘आधी येईल त्याला आधी’, आणि मला तो सर्वांत अन्यायाचा वाटतो. लिंक आली त्या क्षणी जो फोन हातात घेऊन बसला होता, त्याला पहिली पसंती मिळते. दिवसभर दुकानात किंवा शाळेत असलेली व्यक्ती रात्री अर्ज भरते आणि उरलेल्यात जाते. बागेची गरज अर्जाच्या वेळेवरून ठरत नाही. आधी ‘दुसरा चालेल’ असं लिहिलेले घ्यावेत, आणि ते पुरेसे नसतील किंवा जास्त असतील तर चिठ्ठी टाकावी. तक्त्यात चिठ्ठी टाकायला एका रिकाम्या स्तंभात =RAND() लिहून त्या क्रमाने यादी लावतात. एक खबरदारी घ्यावी लागते. RAND ने आलेले आकडे तक्त्यात काहीही बदललं की नव्याने बदलतात. आकडे आले की ते लगेच कॉपी करून नुसत्या किमती म्हणून तिथेच पेस्ट करावेत. नाहीतर कोणाची चिठ्ठी कशी निघाली, याचा पुरावा दोन मिनिटांत नाहीसा होतो.

ज्यांना दुसरी पसंती मिळाली त्यांच्या नावापुढे खूण करून ठेवावी. कार्यशाळेत गटचर्चेची दुसरी फेरी असेल, किंवा पुढच्या महिन्यात दुसरी कार्यशाळा असेल, तर पहिला हक्क त्यांचा.

४२ माणसं हाताने बसवता येतात. शंभरावर गेली की हात थकतो आणि एखाद्याची तिसरी पसंती नजरेतून सुटते. तेव्हा नियम लागतो. महाराष्ट्रात दहावीनंतर मूल असलेल्या प्रत्येक घराला असा एक नियम माहीत आहे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात गुणांच्या क्रमाने विद्यार्थी घेतले जातात, आणि ज्याची पाळी आली त्याला त्याच्या यादीतलं, अजून जागा शिल्लक असलेलं, सर्वांत वरचं महाविद्यालय मिळतं. कार्यशाळेत गुण नसतात, म्हणून गुणांच्या जागी चिठ्ठीचा क्रम घ्यायचा. बाकी पद्धत तीच. ती झटपट होते, समजावून सांगता येते आणि तिच्यात कुणाला खोटी पसंती भरून फायदा होत नाही.

पण तिच्यात एक उणीव आहे. किडीच्या खोलीत एकच जागा उरली आहे असं समजा. पाळी आधी आलेल्या बाईंची पहिली पसंती कीड, दुसरी बियाणं, आणि बियाण्यात जागा भरपूर. त्या किडीत बसल्या. त्यांच्यानंतरच्या गृहस्थांची पहिली पसंतीही कीड, दुसरी खत, आणि खत भरलेलं. ते तिसऱ्या पसंतीवर गेले. बाई दुसऱ्या पसंतीवर सरकल्या असत्या तर गृहस्थांना पहिली मिळाली असती. क्रमाने जागा देणाऱ्या पद्धतीला हे दिसत नाही, कारण ती एका वेळी एकाच माणसाकडे बघते.

सगळ्यांकडे एकदम बघणारी पद्धत गणितात आहे. अमेरिकी गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिची बीजं डेनेश क्योनिग आणि येनो एगरव्हारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामात होती, म्हणून कून यांनी तिला हंगेरियन पद्धत असं नाव दिलं. ती मुळात माणसं आणि कामं यांच्या जोड्या लावण्यासाठी आहे. खोलीतली प्रत्येक जागा हे एक काम मानलं की ती इथेही चालते. प्रत्येक माणसाला प्रत्येक जागेसाठी नाराजीचा आकडा द्यायचा आणि एकूण नाराजी सर्वांत कमी होईल अशी मांडणी शोधायची.

नाराजीचे आकडे कसे द्यायचे, यात सगळी मेख आहे. पहिल्या पसंतीला ०, दुसरीला १, तिसरीला २ दिले, तर दोघांना दुसरी पसंती देणं आणि एकाला पहिली व एकाला तिसरी देणं, या दोन्हींची बेरीज दोनच येते. पद्धतीला दोन्ही सारखंच. आपल्याला मात्र ते सारखं नाही. तिसरी पसंती मिळालेला माणूस बहुधा वीस मिनिटं गप्प बसतो किंवा निघून जातो. म्हणून तिसरीला २ ऐवजी ४ द्यावेत. आता दोघांना दुसरी देण्याची बेरीज दोन, आणि दुसऱ्या मांडणीची चार. कुणालाही फार खाली न ढकलणारी मांडणी आपोआप जिंकते. वर सांगितलेल्या बाई आणि गृहस्थांच्या बाबतीत मात्र ०, १, २ हे आकडेही पुरतात.

हंगेरियन पद्धतीला ‘आठपेक्षा जास्त नको’ समजतं, कारण जागाच आठ ठेवायच्या. ‘सहापेक्षा कमी नको’ ही अट तिच्यात सरळ बसत नाही. त्यासाठी एक्सेलमधलं सॉल्व्हर वापरता येतं. त्यात कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन्ही अटी लिहिता येतात. पण एक्सेलसोबत येणाऱ्या सॉल्व्हरमध्ये बदलत्या घरांची मर्यादा २०० आहे. ४२ माणसं गुणिले ५ विषय म्हणजे २१०. आपलं उदाहरण दहा घरांनी बाहेर पडतं. ओपनसॉल्व्हर नावाची मोफत जोडणी आहे, तिला ही मर्यादा नाही. पन्नासच्या आतल्या कार्यशाळेसाठी मात्र मी एवढं करणार नाही. चिठ्ठीच्या क्रमाने बसवायचं, तिसऱ्या पसंतीवर गेलेली नावं शोधायची, आणि प्रत्येकासाठी एखादी जागा सरकवून सुटका होते का ते बघायचं. बहुधा होते.

विषय ठरल्यावर अनुभवाचा प्रश्न येतो. किडीच्या दोन खोल्यांत १५ जणांना विभागायचं आहे. यादी जशी आहे तशी मधोमध कापली तर सगळे अनुभवी एकीकडे येऊ शकतात. दहा वर्षं बाग करणाऱ्यांपासून काल पहिली कुंडी आणलेल्यांपर्यंत यादी लावावी आणि पत्ते वाटल्यासारखी दोन खोल्यांत वाटावी, फक्त प्रत्येक फेरीला दिशा उलटी करून. म्हणजे पहिला पहिल्या खोलीत, दुसरा आणि तिसरा दुसरीत, चौथा आणि पाचवा पहिलीत. दिशा उलटी केली नाही तर पहिल्या खोलीला दर फेरीत थोडा जास्त अनुभवी माणूस मिळत राहतो. हे फक्त एकाच विषयाच्या दोन खोल्यांत करावं. अनुभव समान वाटण्यासाठी कुणाला आवडीच्या विषयाबाहेर काढू नये.

आता ही यादी झूममध्ये घालायची. खात्याच्या सेटिंगमध्ये ब्रेकआउट रूम आणि आधी वाटप करण्याची सोय चालू केलेली असली, तर एक छोटी सीएसव्ही फाइल चढवता येते. तिची बांधणी अशी असते:

```
Pre-assign Room Name,Email Address
1 Keed,sahabhagi1@example.com
4 Khat,sahabhagi2@example.com
```

कागदावर हे सुरेख दिसतं. शनिवारी सकाळी यातली कितीतरी माणसं आपल्या खोलीत जात नाहीत, आणि कारण एकच असतं. झूम माणसाला ओळखतं ते त्याने ज्या ईमेलने झूममध्ये लॉगिन केलं आहे त्यावरून. नुसत्या लिंकवर टिचकी मारून आलेला माणूस त्याला अनोळखी असतो. नोंदणीत ऑफिसचा ईमेल आणि फोनमध्ये घरचा, असं असलं तरी तेच. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक फोनवर उघडून येणारे बरेच असतात. त्यामुळे फक्त फाइलवर विसंबणं मला पटत नाही.

खात्रीचा मार्ग साधा आहे. आदल्या रात्री प्रत्येकाला त्याच्या खोलीचा आकडा वैयक्तिक निरोपात कळवायचा. सगळ्यांची नावं, ईमेल आणि फोन असलेली यादी गटावर टाकायची नाही. लोकांनी ती माहिती आयोजकाला दिलेली असते, इतर ४१ जणांना नाही. आत आल्यावर आपल्या नावाआधी तो आकडा लावायला सांगायचं, ‘४’ आणि मग नाव. मग दोन वाटा असतात. Let participants choose room हा पर्याय घेतला तर लोक स्वतःच आपल्या खोलीत जातात. जुनं अॅप असलेल्यांना आणि बटण न सापडणाऱ्यांना होस्ट हाताने पाठवतो, आणि नावापुढचा आकडा दिसत असल्यामुळे त्याला तक्ता चाळावा लागत नाही. यासाठी एक माणूस वेगळा हवा. जो व्याख्यान देतोय त्यानेच खोल्या वाटायच्या म्हटलं की दोन्ही बिघडतात.

खोल्या उघडण्याची वेळही ठरवून ठेवावी. दहाच्या कार्यक्रमाला माणसं सव्वादहापर्यंत येत राहतात. पहिली वीस मिनिटं सर्वांसमोर बोलणं असावं, आणि त्या वेळात हा दुसरा माणूस तक्त्यात हजेरी लावत असावा. समजा २७ जण आले. किडीच्या एका खोलीत पाच, दुसरीत चार, कमी ऊन सहा, खत पाच, बियाणं पाच, आणि फळझाडं दोन. गळती अशीच असते. हिशेबात तिसरा हिस्सा धरलेला असतो, पण ती सगळीकडे सारखी होत नाही. एखादी खोली जवळजवळ भरलेली राहते आणि एखादी ओस पडते.

दोघांची खोली उघडू नये. त्यातला एक मधेच गेला तर दुसरा मार्गदर्शकासमोर एकटा उरतो, आणि बहुतेकांना ते अवघड होतं. फळझाडांचे दोघं आणि त्यांचे मार्गदर्शक बियाण्याच्या खोलीत गेले तर तिथे सातजण आणि दोन मार्गदर्शक होतात. रोपं आणि कुंडीतली फळझाडं एकमेकांजवळचे विषय आहेत, त्यामुळे चर्चा ओढूनताणून जुळवावी लागत नाही. कोणता विषय कशात मिसळेल, हे शुक्रवारीच लिहून ठेवलेलं असावं. शनिवारी, २७ चेहरे समोर असताना, ते सुचत नाही. किडीच्या दोन खोल्यांचं आणखी एक सोयीचं आहे. दोन्हीकडे गळती जास्त झाली तर त्या एक करता येतात आणि कुणाचाही विषय बदलत नाही.

नोंदणी न करता, मित्राने पाठवलेल्या लिंकवरून येणारेही असतात. त्यांना चॅटमध्ये एकच प्रश्न विचारावा आणि त्या विषयाच्या खोलीत, ती भरलेली असेल तर सर्वांत लहान खोलीत पाठवावं.

वाटप जमलं की नाही, हे शेवटच्या ‘छान झालं’वरून कळत नाही. लोक सौजन्याने तसं म्हणतातच. पहिल्या तीन मिनिटांत किती जण खोलीतून मुख्य खोलीत परत आले, ते मोजावं. परत येणारा एकतर चुकीच्या खोलीत गेलेला असतो किंवा त्याला विषय पटलेला नसतो, आणि त्याला एक वाक्य विचारलं की दोन्हींतलं कोणतं ते समजतं. दुसरी खूण मार्गदर्शकांकडे असते. प्रत्येकाने फक्त एवढंच सांगायचं, की खोलीतल्या किती जणांनी स्वतःची अडचण बोलून दाखवली. पाचातले चार बोलले तर वाटप चांगलं होतं. पाचातले दोनच बोलले तर बहुधा खोली मोठी होती किंवा त्यातले काही भलत्याच खोलीत होते. त्यांच्या नोंदणीतली ती एका वाक्यातली अडचण पुन्हा वाचली की कुठे चुकलं ते दिसतं.

आणि आपण यातले सहभागी असाल, तर आयोजकाचं निम्मं काम आपल्या हातात आहे. अर्जात तिन्ही पसंती भरा, अडचण नेमकी लिहा, आणि येणं जमणार नसेल तर शुक्रवारीच कळवा. आपली जागा ज्याला द्यायची, तो माणूस तेव्हा यादीतच असतो.